"काही झालं तं?" : चिंताविकारात अनिश्चितता सोसण्याचा सराव

चिंतेनं पोखरलेला माणूस समोर बसला की समुपदेशकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते "असं काही होणार नाही हो" हे. यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य फार वेळ टिकत नाही. इथली बरीचशी शेती कोरडवाहू. जूनमध्ये टाकलेलं बी उगवेल की दुबार पेरणी करावी लागेल, बोंडअळी येईल का, कापूस घरात आल्यावर भाव काय मिळेल, यातलं काहीच पेरताना ठाऊक नसतं. वाईट तेच घडल्याची उदाहरणं शोधायला कुणाला गावाबाहेर जावं लागत नाही. तुम्ही शक्यतेचं गणित मांडायला बसलात तर समोरचा तुम्हाला दोन मिनिटांत गप्प करतो, आणि त्याचं बरोबरही असतं.

म्हणून भाकीत खरं की खोटं, हा वाद इथे घालायचा नाही. "मला आधीच खात्री हवी" हा जो हट्ट असतो, त्यावर काम करायचं. क्वेबेकमधल्या लावाल विद्यापीठात मिशेल दुगास, रॉबर्ट लादुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सर्वसाधारण चिंताविकाराकडे या बाजूनं पाहायला सुरुवात केली. अनिश्चितता न सोसण्याचं प्रमाण मोजणारी २७ विधानांची प्रश्नावली याच गटातून १९९४ मध्ये आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : उद्याचं कुणालाच माहीत नसतं, पण काही माणसांना हे 'माहीत नसणं'च धोक्यासारखं वाटतं. मग डोक्यात "असं झालं तर?" सुरू होतं, त्यातून दुसरं "तर" निघतं, आणि जीव शांत करायला माणूस काहीतरी करतो. विचारतो, तपासतो, पुन्हा मोजतो, किंवा निर्णयच पुढे ढकलतो. घडीभर बरं वाटतं. पण न तपासता काय झालं असतं, हे त्याला कधीच कळत नाही.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत शिकलेल्या वाचकांना हा हट्ट ओळखीचा वाटेल. फरक भर देण्याचा आहे. इथे हट्टाशी वाद कमी घालायचा आणि त्याच्याविरुद्ध वागून काय होतं ते पाहायचं.

सुरुवात करण्याआधी

चिंता बहुतेक दिवशी आणि किमान सहा महिने, एकाहून जास्त विषयांवर, आवरता न येणारी, आणि सोबत झोप न लागणं, अंग आखडणं, थकवा, चिडचिड यांसारख्या तक्रारी, असं चित्र असेल तरच हा आराखडा वापरा. आपल्याकडे माणूस "मला चिंता वाटते" म्हणून क्वचितच येतो. डोकं जड आहे, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, असं सांगत येतो. तेव्हा थायरॉईड आणि रक्तक्षय तपासून घ्या. चहा किती आणि खर्रा किती, हेही विचारा. दिवसाला चार-पाच पुड्या खर्रा खाणाऱ्याची धडधड निव्वळ विचारांमुळे आहे असं समजू नका.

मरणाचे विचार येतात का, हे पहिल्याच भेटीत सरळ शब्दांत विचारायचं. होकार आला, तर फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय आणि ते आजच कुणाकडे हलवता येईल, हा पुढचा प्रश्न. अशा वेळी सराव बाजूला ठेवून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक घरच्यांकडेही असू द्या.

शोभाताईंची वही

पुढचं उदाहरण अनेक जणींवरून बेतलेलं आहे, व्यक्ती काल्पनिक आहे. शोभाताई, वय ३९, घाटंजी तालुक्यातल्या एका गावच्या. घरची सहा एकर शेती, कपाशीत तूर. मुलगी नागपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात. ताई दहावीपर्यंत शिकलेल्या, बचत गटाच्या सचिव. दोन वर्षांपासून झोप नीट नाही, मान आणि खांदे दुखतात, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित. मरणाचे विचार नाहीत.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद. दिवसातून तीन ठरलेल्या वेळी, म्हणजे सकाळच्या चहाला, दुपारी आणि निजण्याआधी, त्या क्षणी डोक्यात कोणती चिंता आहे ते एका ओळीत लिहायचं. शेजारी एक खूण : हा आजचा खरा प्रश्न आहे, की "झालं तर"वाला? ही विभागणी पुढच्या सगळ्या उपचाराचा पाया आहे, तेव्हा घाई करू नका. शोभाताईंच्या वहीत "पीककर्जाचं नवंजुनं करायचं राहिलं" हा आजचा प्रश्न होता. त्याला तारीख आहे, कागद आहेत, बँकेत जाण्याचं काम आहे. "पोरीनं फोन नाही उचलला, काही झालं तं?" हा दुसऱ्या प्रकारचा. त्या क्षणी करण्यासारखं काहीच नाही.

पहिल्या प्रकाराला अनिश्चिततेचा सराव देऊ नका. तिथे प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्या लागतात : प्रश्न नेमका काय, मार्ग कोणते, कोणता निवडायचा, कधी करायचा. शेतात पाणी साचून पिकाचं नुकसान झालं, तर भरपाईसाठी वेळेत कळवावं लागतं. अशा वेळी "अनिश्चितता सोसा" असं सांगणारा समुपदेशक त्या घराचं नुकसान करतो.

नोंदी आल्या की दुसरी यादी करायची : खात्री मिळवण्यासाठी ताई काय काय करतात? हे प्रश्न विचारून काढावं लागतं, कारण करणाऱ्याला ते काळजीपूर्वक वागणंच वाटत असतं. शोभाताईंच्या यादीत निघालं ते असं. गटाचे पैसे तीनदा मोजायचे, मग नवऱ्याकडून मोजून घ्यायचे. मुलीनं फोन उचलला नाही की पुन्हा पुन्हा लावायचा, मग तिच्या मैत्रिणीला, मग वॉर्डनला. लग्नात नेसायचं लुगडंही जावेला विचारून ठरवायचं. आणि गटातून कर्ज घेऊन शिलाई मशीन घ्यायचं वर्षभर लांबणीवर. शेवटच्या गोष्टीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. टाळणं आणि तपासणं ही दोन्ही एकाच हट्टाची रूपं आहेत.

आता यादीतली सर्वांत कमी जोखमीची गोष्ट निवडायची. चूक झालीच तर थोडक्यात निभावेल, आणि करून पाहायची संधी लवकर-लवकर येईल, अशी. गटाची बैठक दर आठवड्याला व्हायची, १२ बायका, प्रत्येकी ५० रुपये. सराव ठरला : सगळ्यांसमोर एकदाच मोजायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे, घरी पुन्हा मोजायचे नाहीत. इथे कुणी विचारेल, हिशेबाच्या कामात दोनदा मोजणं हे गैर कसं? गैर नाहीच. म्हणून माप बाहेरून घ्यायचं. शेजारच्या गटाची, हिशेबाला चोख असलेली सचिव किती वेळा मोजते? तिनं सांगितलं, एकदाच, बैठकीत. मग तेच माप शोभाताईंचं. सगळ्यांहून बेफिकीर व्हायला कुणी सांगत नाही.

सरावाच्या आधी वहीत तीन गोष्टी लिहायच्या. काय होईल असं वाटतं? झालं तर ते किती वाईट असेल? आणि तेव्हा मी काय करू शकेन? ताईंनी लिहिलं : पैसे कमी भरतील, बाया नावं ठेवतील, मला तोंड दाखवता येणार नाही. सरावानंतर त्याच तीन प्रश्नांची खरी उत्तरं लिहायची.

पहिल्या आठवड्यात ६०० रुपये बरोबर भरले. समुपदेशकाला इथे आनंद होतो आणि "बघा, काही झालं नाही" असं तो बोलून जातो. जपा. या वाक्यातून समोरचा शिकतो ते एवढंच, की निकाल चांगला लागला म्हणून ठीक. दुसऱ्या आठवड्यात ५५० भरले.

ही बैठक साऱ्या उपचारातली सर्वांत मोलाची होती. ताईंच्या हाताला घाम फुटला, पण घरी नेऊन मोजायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तिथेच विचारलं, "पन्नास कमी हायेत, कोनाचे राह्यले?" थोडी चुळबुळ झाली. मग एक जण म्हणाली, "माह्याकडचे राह्यले वो, उद्या देतो." रजिस्टरमध्ये तशी नोंद झाली, पुढच्या कर्जाचा विषय निघाला. वहीत उत्तरं अशी उतरली : पैसे कमी भरले, हो. वाईट? दहा मिनिटं वाईट वाटलं. काय केलं? मी विचारलं. "मी विचारलं" या दोन शब्दांवर पुढच्या भेटीचा अर्धा वेळ दिला तरी तो वाया जात नाही. अनिश्चिततेबरोबर माणसाचे तीन समज चालतात : नक्की माहीत नसेल तर वाईटच होईल, झालं तर भयंकर होईल, आणि मला ते झेपणार नाही. चांगल्या निकालानं फक्त पहिला समज हलतो. दुसरा आणि तिसरा हलायला थोडं काहीतरी बिघडावंच लागतं, आणि ते मुद्दाम घडवून आणता येत नाही. बिघडलं की ते वाया घालवू नका.

फोनचा सराव आणि चोरवाटा

चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुलीच्या फोनकडे वळलो. आधी मुलीशी आणि नवऱ्याशी बोलणं झालं. रोज रात्री आठला एक फोन. नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुन्हा लावायचा नाही. खरंच काही झालं तर मुलगी किंवा वसतिगृह घरी कळवेल, ही एक व्यवस्था, आणि ती एकदाच ठरवायची. रोज "कळवशील ना?" असं विचारायला लागलं की तीही तपासणी होते.

त्या आठवड्यात एका रात्री फोन उचलला गेला नाही. पुढच्या भेटीत ताईंनी अभिमानानं सांगितलं, "लावला नाही मॅडम, सकाळपर्यंत."

अशा वेळी शाबासकी देण्याआधी एक प्रश्न विचारायचाच : मग तेवढ्या वेळात काय केलंत?

"तिचं ते लास्ट सीन पाह्यलं. मंग झोप लागली."

ही चोरवाट. अनिश्चितता सोसलीच गेली नाही, खात्री फक्त दुसऱ्या दारानं आली. अशा वाटा पुष्कळ असतात : देवासमोर टाकलेली चिठ्ठी, मैत्रिणीला सहज टाकलेला "जेवण झालं का?" हा निरोप, मनातल्या मनात "नसेलच झालं काही" असं घोकणं. ओळखायची खूण एकच. सराव झाल्यावर माणूस "सुटलो बुवा" म्हणतो, पण काय नवीन कळलं हे त्याला सांगता येत नाही. शोभाताईंच्या बाबतीत सरावात लास्ट सीन न पाहणंही धरलं. पुढच्या वेळी त्या रात्री साडेअकरापर्यंत जाग्या राहिल्या, धडधड झाली, आणि सकाळी कळलं की मुलीचा मोबाइल चार्जिंगला होता. तीन आठवड्यांत असं तीन-चारदा झालं. झोप काही रात्री आली, काही रात्री नाही. सराव सुरू असताना मन शांत व्हायलाच हवं, ही अट घालू नका. श्वासाचे व्यायाम त्याच वेळी करायला लावले तर तीही एक ढाल होऊन बसते. भीती किती कमी झाली यापेक्षा, न कळता रात्र काढता आली का, हे विचारा.

चोरवाटांमधली सर्वांत मोठी तुमच्याच खोलीतून जाते. भेट संपते, ताई दारापर्यंत जातात आणि वळून विचारतात, "पोरगी बरी असन ना मॅडम?" शहाणं-सुरतं माणूस याला "हो हो, असेलच" म्हणेल, आणि एरवी ते बरोबरच आहे. इथे मात्र तुमचा शब्द म्हणजे डॉक्टरांच्या तोंडची खात्री. त्यापेक्षा म्हणा : "ते मलाही माहीत नाही, ताई. आठ वाजता फोन आहे ना?" आवाजात माया असू द्या. घरच्यांनाही हेच उत्तर शिकवावं लागतं, आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. नवऱ्याला हे कोरडेपणाचं वाटतं. त्याला या सरावाचं कारण ताईंच्या तोंडूनच ऐकवलेलं चांगलं.

मध्येच एक अडथळा हमखास येतो. ताई म्हणतात, आई आहे तर जीव लागणारच, चिंताच नाही केली तर कसली आई? चिंता करणं म्हणजे जबाबदार असणं, ही समजूत न हलवता सराव रेटला तर तो आज्ञा म्हणून पाळला जातो आणि उपचार संपताच सुटतो. वाद घालण्यापेक्षा माहिती गोळा करायला लावा. गावात चांगली आई कुणाला म्हणतात? ताईंनी जावेचं नाव घेतलं. जाऊ दिवसातून किती वेळा फोन करते? आठवड्यातून दोनदा. तिची मुलं दूर गेली का? नाही. आणि तुमच्या पाच-पाच फोनांमुळे मुलीचं कोणतं संकट टळलं? ताई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, मुलगीच फोनवर चिडायला लागली होती.

काय सोडायला सांगायचं नाही

२०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून फवारताना तोंडाला मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा पाहणं, यातलं काहीही 'जास्तीची काळजी' म्हणून यादीत घालायचं नाही. साप-विंचवासाठी रात्री बॅटरी नेणंही नाही. शंका आली तर तोच बाहेरचा मापदंड लावा : चिंता नसलेला, पण जाणता माणूस हे करतो का? करत असेल तर ती दक्षता. ती दहापट केली जात असेल, तर त्यातला वरचा भाग कमी करायचा.

पेरणीचा निर्णय हे या रेषेचं चांगलं उदाहरण. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. चिंताग्रस्त शेतकऱ्याला "बिनधास्त पेरा" असं सांगणं हा सराव नव्हे, तो अडाणीपणा आहे. त्याच्याशी आधी ठरवायचं : पावसाची ही अट, हवामानाची माहिती घ्यायला एक ठिकाण, सल्ल्याला एक जाणता माणूस. अट पूर्ण झाली की दोन दिवसांत पेरणी. सराव त्यानंतर सुरू होतो. पेरून झाल्यावर तीन-तीन अॅप उघडायची नाहीत, कृषी केंद्रात जाऊन "बरोबर केलं ना?" विचारायचं नाही, शेजाऱ्याच्या तासातली उगवण पाहून यायचं नाही. पाऊस दडी मारू शकतो. ती शक्यता कोणत्याही अॅपनं कमी होत नाही, आणि हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक असतं.

काही भीतींना सरावच देता येत नाही, कारण त्या लांबच्या असतात : मुलीचं लग्न मोडलं तर, नवऱ्याला काही झालं तर. तिथे तो प्रसंग वर्तमानकाळात, बारकाव्यांसह एका पानावर लिहून घेतात, शेवट उघडा ठेवतात, आणि माणसानं ते पान रोज २०-३० मिनिटं वाचायचं असतं. हे तंत्र देखरेखीशिवाय वापरू नका. घरात नुकताच मृत्यू झालेला असेल, विशेषतः आत्महत्या, तर मुळीच नाही.

१२ ते १६ भेटींत हा उपचार बसतो, असा आराखडा असतो. आपल्याकडे त्या सलग होत नाहीत. पेरणीला माणूस गायब होतो, कापूस वेचणीला बाया येत नाहीत, एसटी चुकली की तो दिवस गेला. म्हणून वहीवर भर द्या, आणि दोन भेटींमध्ये दहा मिनिटांचा एक फोन ठरवून ठेवा. त्या फोनवर केलेल्या सरावाची उत्तरं ऐकायची, धीर द्यायचा नाही. भेटी संपवतानाही पंचांग पाहा. शोभाताईंचा उपचार फेब्रुवारीत संपला होता, तरी पुढची तपासणीची भेट जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवली. तेव्हा घरात पेरणीचा ताण असतो आणि मुलगी परीक्षेत असते. मुलीला फोन किती वेळा झाले, गटाचे पैसे किती वेळा मोजले आणि मशीनचं कर्ज घेतलं का, एवढे तीनच प्रश्न त्या भेटीत विचारायचे ठरले होते. मशीन आलं होतं. पैसे एकदाच मोजले जात होते. फोन मात्र परीक्षेच्या दिवसांत पुन्हा तीन-तीन व्हायला लागले होते, म्हणून वहीत त्यासाठी नवं पान उघडलं.